बाळंतपणाचा थकवा की मनाचा आजार, हे घरी कसं ओळखायचं?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही ऐरोलीला राहतो. बायकोचं सिझेरियन होऊन सात आठवडे झाले, पहिलीच मुलगी. माहेरून आल्यापासून ती गप्प गप्प असते, मधेच रडते. विचारलं तर म्हणते, "काही नाही, दमलेय." माझी आई म्हणते पहिलटकरणीचं असंच असतं, अंगात ताकद आली की होईल नीट. हा नुसता थकवा आहे की डॉक्टरकडे न्यायला हवं, हे घरी कसं कळणार? आणि अंगावर पाजत असताना गोळ्या चालतात का?

उत्तर:

आधी दिवस मोजू. वार पडली की बाईच्या शरीरातली दोन मुख्य हार्मोन्स दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतात. दूध उतरायची वेळही साधारण तीच. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, क्षणात हसणं, क्षणात चिडणं हे अर्ध्याहून जास्त बाळंतिणींना होतं. त्याला औषध लागत नाही. जवळ माणूस असलं, थोडी झोप मिळाली की ते आपोआप ओसरतं आणि फार तर दोन आठवडे टिकतं. तुमच्या आई म्हणतात ते या काळापुरतं अगदी बरोबर आहे. सातव्या आठवड्यात मात्र ते कारण पुरत नाही. आता एकतर खरोखरचा थकवा आहे, किंवा रक्त अथवा थायरॉईडची तक्रार आहे, किंवा बाळंतपणानंतरचं नैराश्य. यातल्या दोन गोष्टी एकत्र असणं तर मी नेहमीच बघते.

"दमलेय" या उत्तरावरून काहीच ठरत नाही, कारण ते तिन्हींत खरंच असतं. एरवी नैराश्य ओळखताना आम्ही झोप, भूक, वजन, अंगातलं त्राण विचारतो. सात आठवड्यांच्या बाळाच्या आईला हे विचारलं तर धडधाकट बाईही नापास होईल. ही अडचण ओळखूनच १९८७ साली जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली केली. ती एडिनबर्ग प्रश्नावली म्हणून ओळखली जाते आणि आजही जगभर वापरतात. तिच्यात थकवा, भूक, वजन यांचा एकही प्रश्न नाही. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, पुढच्या कशाची वाट बघावीशी वाटली का, काही बिनसलं की विनाकारण स्वतःला दोष दिला का, कारण नसताना भीती वाटली का, मन इतकं खिन्न होतं का की झोपच लागली नाही, असे ते प्रश्न आहेत. तुम्हीही घरात याच गोष्टींकडे बघा. ती किती वेळ लोळते याकडे नको.

यातली झोपेची गोष्ट घरी तपासता येते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

लागोपाठ दोन-तीन रात्री तिला सलग साडेचार-पाच तास झोपायची खरी संधी द्या. खरी म्हणजे नुसतं "तू झोप, मी बघतो" असं म्हणून बाळ तिच्याच शेजारी ठेवायचं नाही. तिने दहा-साडेदहाला बाळाला पाजावं, आधी काढलेलं दूध फ्रिजमध्ये असावं, आणि बाळाला घेऊन तुम्ही किंवा आई दुसऱ्या खोलीत जावं. वन रूम किचन असेल तर तिने खोलीत झोपावं, तुम्ही स्वयंपाकघरात. मधलं एक पाजणं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने करा. दूध कोमट करायला वाटी गरम पाण्यात धरली की पुरतं. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही ठेवायचं नाही. पहाटे तीन-साडेतीनला बाळ पुन्हा आईकडे द्या. याहून जास्त ताणलं तर छाती दाटून ती दुखण्यानेच जागी होईल आणि मग तिची झोप का मोडली हे तुम्हाला कळणार नाही.

आता सकाळी बघा. थकलेली बाई आडवी होताच झोपते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची थोडी चिडचिड उरली तरी चेहरा सैल होतो. ती बहिणीला फोन करते, चहा कसा झालाय ते सांगते, बाळाच्या जांभईला हसते. नैराश्यात दोनपैकी एक दिसतं. बाळ दुसऱ्या खोलीत शांत झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नाही. ती छताकडे बघत पडते किंवा पुन्हा पुन्हा उठून दाराशी येते. नाहीतर झोप लागते, पण उठल्यावर मन तितकंच जड, बऱ्याचदा सकाळीच सगळ्यात जड, आणि दिवस सुरू व्हायचीच धास्ती. दोन्हींतलं काहीही तीन रात्रींनंतरही तसंच असेल तर नुसता थकवा म्हणून वाट बघू नका.

या तपासणीची एक मर्यादा आहे. काही बायका नैराश्यात उलट फार झोपतात आणि बाळ रडलं तरी उठायला नको म्हणतात. तेव्हा झोप लागली म्हणजे सगळं ठीक, असा उलटा अर्थ काढायचा नाही. आणि खाली सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर तीन रात्री घालवायच्या नाहीत, त्याच दिवशी निघायचं.

एक उदाहरण देते. बाई ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. कोपरखैरणेची तिशीच्या आतली मुलगी, सिझेरियन, बाळ आठ आठवड्यांचं. माहेरी महिनाभर आईने शेक-शेगडी, आळीव, डिंकाचे लाडू सगळं केलं होतं. सासरी आल्यावर नवरा सकाळी आठची लोकल धरायचा आणि सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे दिवसभर बाळ आणि ती. नवरा तिला बाळाच्या लसीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेला, तेव्हा बाळाचं वजन छान वाढलेलं असूनही ती "माझं दूध पुरत नाही, मी त्याची उपासमार करतेय" एवढंच सांगत राहिली. बालरोगतज्ज्ञांना हे खटकलं आणि त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

माझ्यासमोरही पहिलं वाक्य "दमलेय" हेच. नवऱ्याने दोन रात्री बाळ सांभाळून बघितलं होतं. ती झोपली का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नाही ना, दर अर्ध्या तासाने येऊन त्याचा श्वास बघत होती." मग मी नवऱ्याला बाहेर बसवलं. हे मी नेहमी करते, कारण नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर या गोष्टी निघत नाहीत. तिने सांगितलं की गॅलरीत बाळाला घेऊन जायचं तिने बंद केलंय, कारण ते हातातून निसटून पडेल असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आंघोळ घालताना तेच, म्हणून मालीश आणि आंघोळ कामवाल्या मावशींकडे दिली होती. घरच्यांना वाटत होतं की हिला बाळाची आवडच नाही. खरं तर तिला त्या चित्राची इतकी भीती होती की ती बाळापासून लांब राहून त्याला जपत होती.

असे नकोसे विचार बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना येतात आणि नैराश्यात वाढतात. बाईला त्या विचाराची घृणा वाटते, ती तो टाळायला धडपडते, तोवर त्याचा अर्थ ती बाळाला काही करील असा होत नाही. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं तेव्हा ती त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. घरच्यांनी असं काही ऐकलं तर "असा विचार मनात आणतेसच कशी?" हे वाक्य तेवढं तोंडातून काढू नये. ते ऐकल्यावर ती पुढचं कधीच सांगणार नाही.

प्रश्नावलीत तिला ३० पैकी १७ गुण आले. १३ किंवा त्याहून जास्त गुण आले की आम्ही नैराश्याची शक्यता धरून नीट मुलाखत घेतो. आकडा म्हणजे निदान नव्हे. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो. तिथे "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर असलं तर बाकीची बेरीज कमी आली तरी आम्ही थांबून विचारतो. तिने "क्वचित" म्हटलं होतं. विचारल्यावर म्हणाली, मी नसते तर बाळाला चांगली आई मिळाली असती, असं वाटतं. पण काही करायचं मनात नाही. म्हणून तिला दाखल न करता घरीच ठेवलं. नवऱ्याला सांगितलं की पहिले दोन आठवडे तिला एकटीला ठेवायचं नाही, घरातली औषधं स्वतःच्या ताब्यात ठेवायची आणि पाचव्या दिवशी तिला परत आणायचं.

त्याच दिवशी रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. थायरॉईडची टीएसएच ठीक होती. या दोन तपासण्या मी कुणालाच चुकू देत नाही. सिझेरियनमध्ये रक्त गेलेलं असतं, लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठ होतो म्हणून मधेच सोडलेल्या असतात, आणि मग धाप लागणं, चक्कर, जिना चढवत नाही हे सगळं खरंखुरं शरीराचं असतं. थायरॉईडला बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत सूज येऊ शकते. त्यात आधी धडधड आणि बेचैनी होते, पुढे मंदपणा आणि उदासी येते, आणि हे चित्र नैराश्यासारखंच दिसतं. शाकाहारी घर असेल तर बी-१२ पण बघावं. पण रक्त कमी निघालं म्हणून "बघा, मनाचं काही नव्हतंच" असं म्हणून घरी जायचं नाही. या मुलीचं रक्तही वाढवायला हवं होतं आणि मनही सावरायला हवं होतं. तिला लोह आणि नैराश्याचं औषध दोन्ही दिलं.

आता तुमच्या गोळ्यांच्या प्रश्नाकडे येते. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी सर्ट्रालीन हे औषध बहुतेक वेळा पहिलं निवडलं जातं, कारण ते दुधात फारच थोडं उतरतं. तिला २५ मिलिग्रॅमवर सुरू करून आठवड्याने ५० केलं. पहिले काही दिवस मळमळ आणि थोडी बेचैनी वाढते. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळी कचऱ्यात जाते. बाळ नेहमीपेक्षा फार झोपाळू झालं, नीट ओढत नसलं किंवा सारखं किरकिरत असलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. दूध तोडायची गरज सहसा पडत नाही. मात्र तिला पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेशिवाय दिवसेंदिवस धावपळ केल्याचा काळ आला असेल, किंवा घरात कुणाला बायपोलर आजार असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा बाईला नुसती नैराश्याची गोळी दिली तर दुखणं उलट्या बाजूला उसळू शकतं, तिथे औषध वेगळं लागतं. त्याच कारणासाठी शेजारणीच्या चिठ्ठीवरून किंवा केमिस्टला विचारून यातलं काही आणू नका.

दुखणं सौम्य असेल तर गोळीशिवाय, समुपदेशकाबरोबर आठवड्याला एक बैठक आणि रात्रीची झोप राखून देणं एवढ्यानेही बऱ्याच जणी सावरतात. माझ्या कोपरखैरणेच्या मुलीला गोळी लागली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिची झोप सुधारली, मनाचं ओझं हलकं व्हायला चौथा आठवडा उजाडला. बाळाला आंघोळ तिने स्वतः घातली ती त्यानंतर. औषधाचा परिणाम याच क्रमाने दिसतो, म्हणून दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका.

आता धोक्याचं. क्वचित, हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला, सहसा पहिल्या दोन आठवड्यांतच वेगळाच तीव्र आजार होतो. तिला दोन-दोन रात्री झोप नसते, पण थकवाही दिसत नाही. ती भराभर किंवा असंबद्ध बोलते. हे बाळ माझं नाही, बदललं आहे, असं म्हणते. कुणीतरी दुधात काही कालवतंय असा संशय घेते. तिला आवाज ऐकू येतात. सकाळी अगदी ठीक आणि दुपारी पार गोंधळलेली असते. इथे बाळाबद्दलच्या विचाराची तिला भीती वाटत नसते, तो तिला खरा वाटतो, हाच वर सांगितलेल्या नकोशा विचारांशी फरक. ही अवस्था, किंवा जीव द्यायचं बोलणं, निरोपाचं बोलणं, खाणंपिणं थांबणं, यातलं काहीही दिसलं तर बाळासह किंवा एकटीला क्षणभरही सोडू नका आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे मनोविकारतज्ज्ञ आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलला न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. हा आजार भयंकर दिसतो, पण वेळेत उपचार झाले तर पूर्ण बरा होणाऱ्यांतला आहे.

तुमच्या बायकोबद्दल लिहिलंय त्यावरून हे तातडीचं वाटत नाही, पण एक गोष्ट तुम्हीच विचारायला हवी. बाळ झोपलं असताना, दोघंच असताना, साध्या शब्दांत: "तुला कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर तो बोलायला वाट मिळते. "हो" आलं तर घाबरून आईला हाक मारू नका, शेजारी बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कुठे जायचं? ज्यांनी सिझेरियन केलं त्या डॉक्टरांकडे जायला कुणाचाच नकार नसतो, तिथून सुरुवात करा. "टाके बघायला" म्हणून गेलात तरी चालेल, फक्त तिथे खरं बोला. मुलीच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात, त्या वेळी बालरोगतज्ज्ञांना सांगितलं तरी ते पुढे पाठवतात. खाजगी परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे आणि त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. ऐरोलीहून ते लांब नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. नाव ऐकून लोक दचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून औषध घेऊन घरी येता येतं. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतो.

आईंशी वाद घालू नका. दृष्ट काढायची असेल तर काढू दे, लाडू करायचे असतील तर करू दे. हिमोग्लोबिनसाठी आळीव चांगलेच. त्यांना एक ठरावीक काम द्या, म्हणजे पहाटेचं लंगोट बदलणं किंवा सकाळचे दोन तास बाळ. "रडू नकोस, दूध आटेल" हे मात्र घरात कुणीच म्हणू नये, त्याने रडणं थांबत नाही, फक्त न्हाणीघरात जातं. आणि दवाखान्यात जाताना आईंनाही घेऊन जा. सुनेच्या मनाची परिस्थिती डॉक्टरांच्या तोंडून ऐकली की घरातला निम्मा वाद तिथेच संपतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

शेवटी औषध किती दिवस, याबद्दल. बरं वाटायला लागल्यावरही ते साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. तुमची बायको नोकरी करत असेल तर सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा नेमकी याच मधल्या काळात संपते. पुन्हा कामावर जाणं, बाळाला पाळणाघरात ठेवणं आणि गोळी बंद करणं हे तिन्ही एकाच महिन्यात करायचं नाही. आधी कामावर जाऊन दोन-तीन महिने घडी बसू दे, मग डॉक्टरांशी बोलून गोळी कमी करा. आणि पुढच्या खेपेला दिवस गेले की पहिल्याच तपासणीत या वेळचं सगळं स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. तेव्हा बाळंतपणाआधीच तयारी करता येते.